आठ जुलै की सहा जानेवारी

रिपोर्ट आला तो गुरुवार होता, 1 ऑगस्ट 2024. ऐरोलीच्या ऑफिसात संध्याकाळचे सहा वाजत आले होते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या उशिरा धावत असल्याचे मेसेज फोनवर येत होते. मी निघायच्या बेतात होते. उमेदवारांच्या आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा मेल आला, त्याच्या विषयातच 'मेजर डिस्क्रिपन्सी' असं लिहिलेलं होतं, म्हणून पुन्हा बसले.

ज्याच्याबद्दल हा रिपोर्ट होता त्याला मीच निवडलं होतं. म्हणजे मुलाखती मॅनेजरने घेतल्या, पण शंभरेक बायोडेटांतून त्याचा बायोडेटा मी बाजूला काढला होता. विक्रेत्यांची बिलं तपासून पैसे सोडायचं काम, किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. त्याने अर्जात आधीच्या कंपनीची तारीख लिहिली होती, 8 जुलै 2019 ते 31 मार्च 2022. त्यानंतर एप्रिल 2022 पासून दुसरी नोकरी, ती अजून सुरू. आमच्याकडे तो 2 सप्टेंबरला रुजू होणार होता. हिशेब सरळ होता, पाच वर्षं आणि वर पावणेदोन महिने.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी लाल होत्या. पहिली, महापे एमआयडीसीतल्या त्या आधीच्या कंपनीने एजन्सीला कळवलेली रुजू तारीख 6 जानेवारी 2020 होती. म्हणजे सहा महिन्यांचा फरक. दुसरी जास्त गंभीर वाटणारी. प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदीत त्याच्या नावावर जुलै 2019 पासून एक वेगळंच खातं होतं, दुसऱ्याच संस्थेचं, आणि त्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख रिकामी होती. एजन्सीने त्याचा अर्थ काढला होता, 'एकाच वेळी दोन नोकऱ्या असण्याची शक्यता'.

सहा महिने म्हणजे फार काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. महिना-दीड महिन्याचा फरक आमच्याकडे बऱ्याचदा एका वाक्यात मिटतो. कोणी अपॉइंटमेंट लेटरची तारीख लिहितं, कोणी प्रत्यक्ष पहिल्या दिवसाची. पण इथे जानेवारीपासून मोजलं तर अनुभव चार वर्षं आठ महिने भरत होता. फरक नेमका पाच वर्षांची रेघ ओलांडत होता. म्हणजे विचारणं भागच होतं. आणि विचारायचं कोणाला? ज्याने राजीनामा देऊन महिना होत आला आहे, ज्याच्या जागी त्याच्या कंपनीने कदाचित माणूसही घेतला आहे, अशा माणसाला. पडताळणीतला प्रश्न जवळजवळ नेहमी अशाच वेळी जातो, कारण चालू कंपनीला राजीनाम्याआधी फोन करता येत नाही आणि ऑफर स्वीकारल्याशिवाय आम्ही पडताळणीवर खर्च करत नाही. त्याचा मागचा दरवाजा बंद झालेला असतो आणि पुढच्या दरवाजाची कडी माझ्या हातात असते. प्रश्नाची भाषा ठरवताना हे मी विसरू शकत नाही.

विसरले होते एकदा. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, वेगळ्या कंपनीतली. तिथे अशा वेळी पाठवायच्या मेलचा साचा तयार असायचा. 'तुम्ही दिलेली माहिती चुकीची आढळली आहे. 24 तासांत खुलासा करावा, अन्यथा ऑफर रद्द समजावी.' मी नाव आणि तारखा भरून तो पाठवत असे. एका बाईंच्या बाबतीत कंपनीने शेवटचा दिवस फेब्रुवारीतला सांगितला होता आणि त्यांनी मे महिना लिहिला होता. मी साचा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. मी खोटं बोललेले नाही, पण अशा पत्राला उत्तर देऊन तुमच्याकडे यायची इच्छा राहिलेली नाही. काही महिन्यांनी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. आई आजारी होती म्हणून त्या तीन महिने बिनपगारी रजेवर होत्या आणि राजीनामा मे महिन्यात मंजूर झाला. कंपनीच्या पगारखात्याने शेवटचा पगार निघाला तो महिना पकडला, त्यांनी राजीनामा मंजूर झालेला. दोन्ही तारखा खऱ्या होत्या. खोटं फक्त माझ्या पत्रातलं 'चुकीची आढळली' हे होतं, कारण तोवर काहीच आढळलेलं नव्हतं. दोन कागद जुळत नव्हते, एवढंच कळलं होतं.

तेव्हापासून मी असा प्रश्न साच्यातून पाठवत नाही. आधी फोन करते आणि मग त्याच बोलण्याचा मेल पाठवते. मेल हवाच, कारण खुलासा नोंदीवर राहायला लागतो. पण लाल अक्षरांचा पहिला धक्का माणसाच्या आवाजातून बसलेला बरा.

त्या संध्याकाळी फोन केला नाही. सहानंतर, पावसात, कोण कुठल्या गाडीत लोंबकळत असेल सांगता येत नाही, आणि रात्रभर त्याने विचार करत बसावं अशा वेळी असा विषय काढू नये. घरी जाताना मात्र डोक्यात तेच होतं. तुर्भ्याकडून येणारी गाडी ऐरोलीला खच्चून भरलेली होती; दाराशी उभी राहून मी मनात वाक्यं जुळवत होते.

अडचण अशी असते. प्रश्न फार कडक विचारला तर सरळ माणूस मिटून जातो. पण फार मऊ विचारला तर दुसरा धोका असतो, आपण नकळत उत्तर हातात देतो. 'तुम्ही आधी कॉन्ट्रॅक्टवर होता का हो, तसं असेल तर काही प्रश्न नाही,' असं मी म्हटलं, की ज्याने खरोखर सहा महिने फुगवले आहेत तोही 'हो मॅडम, तसंच' म्हणणार. मग माझ्याकडे उरतं ते त्याच्या तोंडून आलेलं माझंच वाक्य. म्हणून विनम्र राहायचं ते स्वरात, वेळेत, मुदतीत. प्रश्न मात्र उघडा ठेवायचा. दोन तारखा समोर ठेवायच्या आणि फरक कसा पडला असेल ते त्याला सांगू द्यायचं. मेलच्या पहिल्या खर्ड्यात मी त्या दुसऱ्या पीएफ खात्याचा उल्लेख केला होता. सकाळी तो काढून टाकला. तो स्वतःहून तिथवर आला तर त्याच्या सांगण्याला वजन येणार होतं.

शुक्रवारी साडेअकराला फोन लावला. आधी विचारलं, "आत्ता बोलायला मोकळे आहात का? ऑफिसात असाल तर तुम्ही सांगाल तेव्हा करते." तो म्हणाला, "दोन मिनिटं मॅडम, खाली जातो." जिन्यावरच्या पावलांचा आवाज आला. त्या दोन मिनिटांत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, मला कल्पना आहे.

मी म्हणाले, "तुमची पडताळणी चालू आहे. बाकी बहुतेक सगळं जुळलंय. एका ठिकाणी तारखेत फरक दिसतोय आणि तो तुमच्याकडूनच समजून घ्यायचाय, म्हणून फोन केला. महाप्याच्या कंपनीत रुजू झाल्याची तारीख तुम्ही 8 जुलै 2019 लिहिली आहे. त्यांच्याकडून 6 जानेवारी 2020 आली आहे. हा फरक कशामुळे असेल?"

तो लगेच म्हणाला, "नाही मॅडम, मी जुलैपासूनच होतो तिथे. पहिल्या दिवशी आषाढातला एवढा पाऊस होता, घणसोलीहून चालत गेलो होतो मी." मग थांबला. "माझी ऑफर जाते का मॅडम?"

इथे 'अहो, काळजी करू नका, काही होणार नाही' हे वाक्य जिभेवर येतं. मी ते गिळते. ते माझ्या हातात नसतं, आणि जे हातात नाही त्याचं आश्वासन म्हणजे पुढे त्याची फसवणूकच होते. मी म्हणाले, "आज काहीच ठरलेलं नाही. तुमचं म्हणणं आणि कागद पाहिल्याशिवाय ठरणार नाही, एवढं मी नक्की सांगू शकते."

मग त्याला जुलै ते डिसेंबरचं सांगायला लावलं. कोणाच्या हाताखाली होता, कुठे बसायचा, हजेरी कशी लागायची. त्याने मॅनेजरचं नाव सांगितलं, मजला सांगितला, कुठल्या विक्रेत्यांची बिलं बघायचा तेही सांगितलं. जानेवारीत काय बदललं, असं विचारलं तर म्हणाला, "काही नाही. तीच खुर्ची, तेच काम. हां, आयकार्ड बदललं. आधी पट्टी पिवळी होती, मग निळी मिळाली."

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत त्यांना पिवळ्या पट्टीचा अर्थ कळेल. रंग कंपनीगणिक वेगळा असेल, पण कंत्राटी माणसाच्या गळ्यातली पट्टी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. तरी मी तो शब्द उच्चारला नाही. विचारलं, "त्या सहा महिन्यांत पगार बँकेत कोणाच्या नावाने जमा व्हायचा, आठवतंय?"

तो गप्प झाला. खरंच आठवत नव्हतं. मुलाखत त्याच ऑफिसात झाली, काम तिथेच, सुट्टीचा अर्ज तिथल्याच मॅनेजरकडे. बावीस-तेवीस वर्षांचा, पहिलीच नोकरी. आपला मालक कागदावर दुसराच कोणी आहे, हे त्याला कोणी नीट समजावूनही सांगितलं नसावं. त्याच्या लेखी तो 8 जुलैला 'कंपनीत लागला' आणि जानेवारीत 'पर्मनंट झाला'. मराठीत आपण हे असंच सांगतो. घरी आईला सांगताना पेरोल कोणाचं हे कोण सांगतं?

"बँकेचं जुनं स्टेटमेंट काढून बघता का?" मी म्हणाले. "आणि पीएफचं पासबुकही. तुम्ही स्वतः लॉग-इन करून पीडीएफ उतरवून पाठवा. पासवर्ड किंवा ओटीपी मला सांगू नका, आमच्यातलं कोणी मागितलं तरी देऊ नका. स्टेटमेंटमधल्या फक्त पगाराच्या ओळी हव्या आहेत. बाकीचं झाका. तुम्ही कुठे काय खर्च केला ते आम्हाला बघायचं नाही." हे शेवटचं मी आवर्जून सांगते. घाबरलेला माणूस मागितल्यापेक्षा दहापट देतो. सहा महिन्यांचं संपूर्ण स्टेटमेंट, आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो, बहिणीच्या खात्यात पाठवलेले पैसे, दवाखान्याची बिलं. एका तारखेच्या खुलाशासाठी यातलं काहीही लागत नाही, आणि जे लागत नाही ते मागू नये ही साधी रीत आहे. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यातही तेच आहे.

फोन ठेवल्यावर मेल पाठवला. तो अर्थातच इंग्रजीत होता. मराठीत मजकूर साधारण असा:

"फोनवर बोलल्याप्रमाणे, तुमच्या पडताळणीत एका मुद्द्यावर तुमचं म्हणणं हवं आहे. अर्जातली रुजू तारीख 8 जुलै 2019 आहे आणि कंपनीने कळवलेली 6 जानेवारी 2020. हा फरक कसा आला ते तुमच्या शब्दांत लिहावं. त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा, बँकेतल्या पगाराच्या नोंदी किंवा पीएफ पासबुक यांपैकी जे असेल ते जोडावं. सगळंच असायला हवं असं नाही. मंगळवार, 6 ऑगस्टपर्यंत उत्तर मिळालं तर बरं. जुने कागद शोधायला अधिक वेळ लागणार असेल तर तसं कळवा. तुमचं उत्तर पाहिल्याशिवाय याबाबत निर्णय होणार नाही."

'खुलासा करावा' ऐवजी 'तुमचं म्हणणं हवं आहे'. मुदत दोन कामाचे दिवस आणि मध्ये शनिवार-रविवार, कारण जुने कागद घरातल्या पेटीत असतात आणि पेटी रविवारीच उघडली जाते.

त्याचं उत्तर रविवारी रात्री आलं. लांबलचक होतं. मी मुद्दाम आधी कागद पाहिले आणि मग ते वाचलं. माणसाचं लिहिणं चांगलं असलं की आपण विश्वास ठेवायला लागतो आणि अडखळतं असलं की शंका घ्यायला लागतो. आवाज कापला म्हणजे खोटं, हेही असंच. राजीनामा दिलेल्या प्रत्येकाचा आवाज अशा फोनवर कापतो.

पीएफ पासबुकात सहा ओळी होत्या, जुलै ते डिसेंबर 2019. खात्याच्या नंबराची सुरुवात PUPUN अशी. पीएफच्या या नंबरात बावीस अक्षरं आणि अंक असतात, आणि पहिली पाच अक्षरं विभाग आणि कार्यालय सांगतात. THVSH म्हणजे वाशीचं कार्यालय, PUPUN म्हणजे पुण्याचं. महाप्याच्या कंपनीचं खातं वाशीचं होतं, तेही पुढे 2020 पासून दिसत होतं. नवी मुंबईत काम करणाऱ्या मुलाचं खातं पुण्यात का, हा प्रश्न एजन्सीला पडला आणि त्यांनी दुसरी नोकरी असा अर्थ लावला. पण माणसं पुरवणाऱ्या संस्थेची नोंदणी जिथली, खातं तिथलं. माणूस काम कुठे करतो याच्याशी त्या पाच अक्षरांचा संबंध नसतो.

आता त्या सहा ओळींतले आकडे. ऑगस्ट ते डिसेंबर प्रत्येक महिन्याला त्याच्या पगारातून 1,440 रुपये गेले होते. पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के कापला जातो, म्हणजे मूळ पगार 12,000. मालकाच्या वाट्याचेही 1,440, पण ते दोन ठिकाणी विभागलेले असतात. 1,000 पेन्शनमध्ये आणि 440 फंडात. सगळं नेहमीसारखं. पहिली ओळ मात्र वेगळी होती. जुलैत त्याचे फक्त 1,115 रुपये कापले होते.

रिपोर्टमध्ये त्या खात्याची रुजू तारीख 1 जुलै होती आणि त्याने लिहिली होती 8 जुलै. म्हणजे आता तीन तारखा झाल्या होत्या. मी कॅल्क्युलेटर काढला. जुलैचे 31 दिवस; 8 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत 24. बारा हजारांना 31ने भागून 24ने गुणलं की येतात 9,290 रुपये. त्यांचे 12 टक्के 1,114 रुपये 80 पैसे. पूर्णांकात 1,115.

तो आकडा जुळला तेव्हा मला झालेला आनंद मी कोणाला सांगू शकले नाही, घरात सगळे झोपले होते. पण विचार करा. रुजू तारखेचा रकाना कोणीतरी कारकून भरतो, शंभर माणसांची यादी एकदम चढवताना सगळ्यांना एक तारीख टाकून देतो. पैसे मात्र दिवस मोजून निघतात. पाच वर्षांपूर्वी पुण्यातल्या कुठल्याशा पगारखात्यात कोणीतरी त्याचे चोवीस दिवस मोजले होते आणि तो हिशेब अजून तिथे होता. याने आठ जुलै हा दिवस बरोबर लक्षात ठेवला होता. सोमवार होता तो.

बँकेच्या ओळीही जुळल्या. सहा पगार, पाठवणाऱ्याचं नाव त्या पुण्याच्या संस्थेचं. ते नाव त्याने पत्रात लिहिलं होतं आणि पुढे लिहिलं होतं की हे नाव मी पहिल्यांदाच नीट वाचलं. टॅक्सच्या नोंदीत, 26एएसमध्ये, या संस्थेचं नाव नव्हतं. एजन्सीने त्यावरही बोट ठेवलं होतं. पण महिन्याला हातात-कापून मिळून अठरा हजारांच्या आसपास पगार, वर्षाचे अडीच लाखसुद्धा होत नाहीत. टॅक्स कापलाच नसेल तर त्या नोंदीत नाव येणार कुठून? कमी पगाराच्या माणसाचा हा पुरावा मुळात तयारच होत नाही, आणि मग त्याच्याकडेच पुरावा नाही म्हणून शंका घेतली जाते. हे मला दर वेळी खुपतं.

राहिला दोन नोकऱ्यांचा आरोप. त्यासाठी दोन्ही खात्यांच्या पासबुकांतले महिने शेजारी ठेवून पाहिले. पुण्याचं खातं डिसेंबर 2019ला थांबतं, वाशीचं जानेवारी 2020ला सुरू होतं. एकही महिना दोन्हीकडे नाही. नोकरी सोडल्याची तारीख रिकामी होती याचा अर्थ एवढाच की कंत्राट 31 डिसेंबरला संपल्यावर त्या संस्थेने ती भरली नाही. खातं कागदोपत्री उघडं राहिलं आणि त्याच्यावर दुसरं खातं आलं, म्हणून 'एकाच वेळी दोन'. खरी दुहेरी नोकरी असेल तर पैसे दोन्हीकडून एकाच महिन्याचे येतात. बघायचं ते पैशाकडे.

उलटं प्रकरणही मी पाहिलं आहे, ते इथे सांगायला हवं. एकाने नोकरी मार्चपर्यंत लिहिली होती, पीएफ नोव्हेंबरला थांबलेला. प्रश्न याच भाषेत, याच स्वरात विचारला होता. त्याने सांगितलं, शेवटचे चार महिने पगार रोखीत मिळत होता. मी म्हटलं, ठीक, त्या काळात केलेल्या कामाचा एखादा मेल, हजेरीची नोंद, मॅनेजरचा नंबर? दर वेळी वेगळं कारण आलं, आणि शेवटी आलेल्या रिलिव्हिंग लेटरवर मार्चची तारीख आणि ज्या एचआर प्रमुखाची सही होती त्या त्याआधीच कंपनी सोडून गेलेल्या होत्या. ती ऑफर मागे घेतली गेली. सौम्य विचारल्यामुळे तो सुटला नाही. उलट, प्रश्न उघडा होता म्हणून त्याला स्वतःची गोष्ट स्वतः रचावी लागली, आणि ती कागदांना लागून राहिली नाही.

सोमवारी एजन्सीला फोन केला. तिथली मुलगी कामात पक्की, पण तिच्यासमोर रोजच्या ढिगाने केसेस. तिला म्हटलं, पुण्याच्या संस्थेकडे विचारून घ्या. तीन दिवस प्रयत्न झाले. फोन बंद, मेल परत आले. संस्था बहुधा बंदच पडली होती. अशा वेळी रिपोर्टमध्ये 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा येतो आणि तो अर्धवट शेरा माणसाला पुढे चिकटून राहतो. म्हणून मी दुसरा रस्ता सुचवला. महाप्याच्या कंपनीला फक्त 'रुजू तारीख काय' एवढंच विचारलं गेलं होतं, आणि त्यांनी स्वतःच्या रोलवरची तारीख दिली, तीही अगदी बरोबर. आता प्रश्न बदलून विचारा: जुलै ते डिसेंबर 2019 हा माणूस तुमच्या आवारात कंत्राटदारामार्फत काम करत होता का? दोन दिवसांनी तिथल्या एचआरचं एका ओळीचं उत्तर आलं. होय, अमुक संस्थेमार्फत. नाव तेच, बँकेच्या ओळीतलं.

एवढं झाल्यावर मॅनेजरशी बोलले. रिपोर्ट त्याला पाठवला नाही, निष्कर्ष सांगितला. काम तेच होतं, जागा तीच, फक्त पगार देणारा वेगळा. अनुभव पाच वर्षं धरायला त्याची काही हरकत नव्हती. आमच्या नियमातही अनुभव कामाचा मोजायचा असतो. एजन्सीने सुधारित रिपोर्ट दिला. लाल रंग पुसला गेला नाही, तसा तो पुसतही नाहीत. त्याच्या पुढे 'खुलासा व कागदपत्रांनुसार निराकरण' असं आलं.

पण एक गोष्ट त्याच्याकडून करून घ्यायची होती आणि ती सांगताना मला जास्त जपावं लागलं. अर्ज दुरुस्त करायचा होता. त्याने लिहिलेली माहिती खोटी नव्हती, तरी जशी लिहिली होती तशी बरोबरही नव्हती. 8 जुलै ते 31 डिसेंबर तो त्या कंपनीचा कर्मचारी नव्हता. मी फोनवर सांगितलं, "एका ओळीच्या दोन ओळी करा. पहिल्यात पुण्याच्या संस्थेचं नाव आणि पुढे 'काम करण्याचं ठिकाण' म्हणून कंपनीचं. दुसऱ्यात 6 जानेवारीपासून कंपनी. बायोडेटातही असंच ठेवा, पुढच्या ठिकाणी हा प्रश्नच येणार नाही."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ते सहा महिने मी त्यांचा नव्हतोच."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. काम तर तिथलंच केलं होतं त्याने. पावसात चालत जाऊन, त्यांच्याच मजल्यावर, त्यांच्याच बिलांवर. दिवाळीला कंपनीच्या माणसांना मिठाईचा डबा आणि पाकीट मिळालं आणि याला नुसता डबा, हेही त्याने नंतर सांगितलं. तेव्हा त्याला वाटलं होतं नवीन आहे म्हणून. मी एवढंच म्हणाले, "कागदावर नव्हतात. काम तुमचंच आहे, आणि ते आता रिपोर्टमध्ये लिहिलेलं आहे."

2 सप्टेंबरला तो आला. रुजू होताना पीएफचा फॉर्म 11 भरावा लागतो, त्यात आधीच्या खात्याची माहिती आणि ते सोडल्याची तारीख विचारतात. त्या रकान्याशी तो अडला, कारण पुण्याच्या खात्यावर तारीख नव्हतीच आणि ती भरणारी संस्था बंद. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. 2020 पासून सदस्याला स्वतः ही तारीख ऑनलाइन भरता येते. शेवटचा पैसा जमा होऊन दोन महिने उलटलेले हवेत, आणि तारीख त्या शेवटच्या महिन्यातलीच असावी लागते. त्याच्या बाबतीत साडेचार वर्षं उलटली होती. त्याने फोनवर पोर्टल उघडलं, Manage मध्ये Mark Exit, यादीतून PUPUN वालं खातं निवडलं. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, त्याने ओटीपी टाकला.

"एकतीस डिसेंबर ना मॅडम?"

"हो. दोन हजार एकोणीस."

त्याने तारीख टाकली, दोनदा वाचून बघितली आणि बटण दाबलं.